कॅमेरा कुणाच्या बाजूला बसला आहे?

दिवाळी सरली की झाडीपट्टीत नाटकांचा हंगाम सुरू होतो. वडसा म्हणजे देसाईगंज हे या रंगभूमीचं माहेर, पण नाटक कंपन्यांच्या गाड्या गडचिरोली, चंद्रपूर, भंडारा, गोंदियातल्या गावागावांत फिरतात आणि चंद्रपूरच्या सावली तालुक्यातल्या मंडपांतही रात्री उशिरा उघडलेला पडदा पहाटेच पडतो. या मंडपात बसलेल्या माणसाची जागा एकदा ठरली की रात्रभर तीच राहते. पुढच्या रांगेतल्याला नटाच्या कपाळावरचा घाम दिसतो, मागच्याला फक्त अंगविक्षेप दिसतात. हे नटाला पक्कं ठाऊक असतं, म्हणून तो हात मोठे करतो, आवाज चढवतो आणि रडायचं असेल तर खांद्यांनी रडतो.

चित्रपट सुरुवातीला असाच पाहिला आणि टिपला जात असे. दादासाहेब फाळक्यांचा 'राजा हरिश्चंद्र' 1913 सालचा; त्याचा म्हणून जो भाग आज शिल्लक आहे, त्यात कॅमेरा बहुतेक वेळा एका जागी उभा असतो आणि माणसं डोक्यापासून पायापर्यंत दिसतात. पुढे एकवीस वर्षांनी प्रभातच्या 'अमृतमंथन'मध्ये व्ही. शांताराम यांनी राजगुरू झालेल्या चंद्रमोहनचा डोळा जवळून पडद्यावर आणला, आणि त्या डोळ्याची आठवण नंतरच्या पिढ्यांपर्यंत पोहोचली. या दोन टोकांमध्ये जे घडलं तोच या प्रकरणाचा विषय आहे. पाहणाऱ्याची जागा आता हलू लागली होती. एका क्षणी त्याला मंडपाच्या शेवटच्या रांगेत बसवता येत होतं, दुसऱ्या क्षणी नटाच्या चेहऱ्यापासून हातभर अंतरावर.

शॉटचे प्रकार माणसाच्या शरीरावरून मोजतात. माणूस लहान दिसतो आणि परिसर मोठा, तो वाइड किंवा लाँग शॉट. डोक्यापासून पायांपर्यंत माणूस चौकटीत भरला की फुल शॉट. कमरेपासून वर, मिड शॉट. छातीपासून वर, मिड क्लोज. चेहरा आणि थोडे खांदे, क्लोज-अप. नुसते डोळे, ओठ, बोटं, तर एक्स्ट्रीम क्लोज-अप. ही नावं एका संध्याकाळी पाठ होतात. अवघड भाग वेगळाच आहे: कुठल्या क्षणी कुठली चौकट घ्यायची आणि तेव्हा कॅमेरा कुणाच्या जागी उभा असतो. तो समजण्यासाठी एकच प्रसंग घेऊन त्याच्याभोवती फिरणं चांगलं. माझ्या मते त्यासाठी मुलगी पाहण्याच्या कार्यक्रमाइतका योग्य प्रसंग नाही, कारण त्यात घडतं ते मुळात पाहणंच.

चंद्रपूर जिल्ह्यातल्याच एका चित्रपटाने हा प्रसंग केंद्रस्थानी ठेवला आहे. जयंत दिगंबर सोमलकर यांचा 'स्थळ' त्यांच्या स्वतःच्या डोंगरगावात, बहुतांशी तिथल्याच माणसांना घेऊन चित्रित झाला. 2023 मध्ये टोरांटोच्या चित्रपट महोत्सवात त्याला नेटपॅक पुरस्कार मिळाला आणि मार्च 2025 मध्ये तो महाराष्ट्रात प्रदर्शित झाला. नंदिनी चिकटे हिने त्यात सविता ही शिकणारी मुलगी केली आहे. वडील कापूस पिकवतात, आणि एकामागून एक स्थळं येत राहतात. मुलगी आत येते, बसते, समोरचे पुरुष नाव, शिक्षण, उंची असे तेच ते प्रश्न विचारतात. चित्रपटाची सुरुवात मात्र उलटी आहे. तिथे बायका पाहायला बसल्या आहेत आणि प्रश्न मुलाला विचारले जात आहेत. ते सविताचं स्वप्न असतं. घरातली मांडणी तीच, बसणारी माणसं तेवढी बदललेली, आणि प्रेक्षकाला तेवढ्यानेच कळतं की इतकी वर्षं आपण हा कार्यक्रम कुठल्या खुर्चीतून पाहत होतो.

आता आपण हाच प्रसंग मोबाइलवर चित्रित करायचा आहे, असं समजू. डोंगरगाव कापसाच्या पट्ट्यातलं, आपण धानाच्या पट्ट्यात, सावलीकडे येऊ. घर कवेलूचं, पुढे छपरी. छपरी साधारण दहा बाय चौदा फूट. एका बाजूला अंगणात उघडणारं दार, समोरच्या बाजूला आतल्या घरात जाणारं. अंगणाच्या बाजूला, दाराकडे पाठ करून चार प्लास्टिकच्या खुर्च्या, त्यांवर मुलाचे वडील, मामा, मध्यस्थ आणि मुलगा. त्यांच्यासमोर सहा-सात फुटांवर एक ठेंगणा स्टूल, मुलीसाठी. मुलीचे वडील बाजूला बाजेवर. आई आतल्या दाराच्या चौकटीला टेकून उभी.

पहिला प्रश्न वाइड शॉटचा. सगळी माणसं एका चौकटीत घ्यायची आहेत, म्हणजे कॅमेरा मागे न्यावा लागेल. पण कुठल्या मागे? कॅमेरा अंगणाच्या दारात ठेवला तर पाहुण्यांच्या पाठी आणि डोकी जवळ, मोठी दिसतील आणि त्यांच्या फटीतून पलीकडे लहानशी मुलगी. प्रेक्षक पाहुण्यांमधला पाचवा होईल. तोच कॅमेरा आतल्या दारात, आईच्या शेजारी ठेवला तर मुलीची पाठ, वेणी, ताठ धरलेले खांदे दिसतील आणि तिच्या पलीकडे रांगेत बसलेले चेहरे. आता आपण घरच्यांत आहोत आणि तिच्यासाठी धास्तावलो आहोत. तिसरी जागा बाजूच्या भिंतीला लागून, जिथून डावीकडे मुलगी आणि उजवीकडे पाहुणे, दोघांमधलं रिकामं अंतर मधोमध दिसतं. या जागेवरून कॅमेरा कुणाचाच नाही. तो फक्त मांडणी दाखवतो: एका बाजूला एक, दुसऱ्या बाजूला चार.

तिन्ही वाइडच आहेत, तिन्हींत माणसं तेवढीच आहेत, पण कथा तीन निघतात. म्हणून 'वाइड शॉट परिसर दाखवतो' हे पुस्तकी वाक्य मला अपुरं वाटतं. वाइड शॉट माणसांमधली अंतरं दाखवतो, आणि ती अंतरं कुणाच्या बाजूने मोजली हेही दाखवतो. चैतन्य ताम्हाणे यांच्या 2014 च्या 'कोर्ट'मध्ये कॅमेरा न्यायालयाच्या खोलीत दूर, स्थिर आणि बराच वेळ उभा राहतो. कुणाचाही चेहरा जवळ आणून 'याच्यावर विश्वास ठेवा' असं तो सांगत नाही. आरोपी, वकील, न्यायाधीश आणि आपली पाळी येण्याची वाट पाहणारी इतर माणसं एकाच चौकटीत राहतात, आणि खटला किती सहज, किती कंटाळवाण्या रीतीने माणसाला चिरडतो ते त्या दूरपणातूनच अंगावर येतं. क्लोज-अपने तिथे दया वाटली असती, यंत्रणा दिसली नसती.

उघड्यावरच्या वाइड शॉटचं गणित आणखी वेगळं आहे. रोवणीच्या दिवसांत बांधीत ओळीने वाकलेल्या बाया दुरून घेतल्या तर ती ओळ, पाण्यातलं आभाळ आणि मागे जंगलाची काळी कड असं चित्र मिळतं. सुंदर असतं. पण जंगलाच्या त्याच कडेला वाकून मोहफुलं वेचणारी एकटी बाई दुरून दाखवली तर पुण्या-मुंबईच्या प्रेक्षकाला निसर्ग दिसेल आणि सावलीच्या प्रेक्षकाचा श्वास अडकेल. या जिल्ह्यात वाघाचे हल्ले बऱ्याचदा अशाच वेळी झाले आहेत: माणूस वाकलेला, एकटा, झाडीजवळ. चौकट तीच असते, पण पाहणाऱ्याला जे माहीत असतं त्याने ती भरते. म्हणून वाइड घेताना विचारायचं की माझ्या प्रेक्षकाला या रिकाम्या जागेत काय आहे असं वाटेल.

आणि तो चित्रपट कशावर पाहिला जाणार आहे, हेही. मोबाइल आडवा धरला आणि नेहमीचा, म्हणजे 1x कॅमेरा वापरला, तर समोर जितकं अंतर असेल त्याच्या साधारण पाऊणपट उंची चौकटीत मावते. तीस मीटरवरून घेतलं तर सुमारे बावीस-तेवीस मीटर उंचीचा देखावा येतो आणि दीड मीटरची बाई त्याचा पंधरावा भाग होते. सहा मीटर उंच पडद्यावर ती चाळीस सेंटिमीटरची दिसेल, नीट ओळखू येईल. साडेसहा सेंटिमीटर उंचीच्या आडव्या मोबाइलवर ती चार मिलिमीटरची, तांदळाच्या एका दाण्यापेक्षा लहान. ज्यांचं काम मोबाइलवरच पाहिलं जाणार त्यांनी अर्ध्या अंतरावर यावं, किंवा तिला लाल लुगडं नेसवावं म्हणजे हिरव्यात नजर तिच्यावर जाईल.

पाऊणपटाचा हा अंदाज छपरीतही उपयोगी पडतो. मुलगी चहाचा ट्रे घेऊन आतल्या दारातून येते. इथे फुल शॉट हवा, कारण या क्षणी सगळी माणसं तिला डोक्यापासून पायांपर्यंत पाहत आहेत. दीड मीटर उंचीची मुलगी आणि वर-खाली थोडी मोकळी जागा धरून दोन मीटर उंची लागते, म्हणजे कॅमेरा सुमारे पावणेतीन मीटरवर, नऊ फुटांवर. चौकटीची खालची कड घोट्यांवर येऊ देऊ नये. पाय पूर्ण दाखवावेत किंवा गुडघ्याच्या बरंच वर कापावं. सांध्यावर कापलेला माणूस पाहताना अवयव तुटल्यासारखं काहीतरी खटकतं आणि प्रेक्षकाला कारण सांगता येत नाही. कमरेच्या, गुडघ्याच्या, मानेच्या नेमक्या रेषेवर कड आली की एक पाऊल पुढे किंवा मागे सरकायचं, एवढंच.

फुल शॉटचं काम चेहरा दाखवणं नाही, चाल दाखवणं आहे. ट्रे हलू नये म्हणून लहान पडणारी पावलं, उंबरठा ओलांडताना पायाकडे गेलेली नजर. नाटकातला नट सगळं फुल शॉटमध्येच करत असतो, म्हणून झाडीपट्टीचा अनुभव असलेली नटी हा शॉट उत्तम देईल. तिला फक्त चाल अर्ध्यावर आणायला सांगावं लागेल. मंडपाच्या शेवटच्या रांगेसाठी केलेली हालचाल नऊ फुटांवरच्या कॅमेऱ्याला फार मोठी होते.

ती बसली. आता मिड शॉट सुरू होतात. कमरेपासून वर माणूस दिसला की हात आणि चेहरा दोन्ही एकत्र वाचता येतात, म्हणून संभाषणाचा बहुतेक भार हाच शॉट उचलतो. चार पाहुणे एकाच मिड शॉटमध्ये घेतले तर ते एक मंडळ होतात, एकच तोंड असलेलं. प्रत्येकाला वेगळा मिड शॉट दिला तर चार माणसं होतात: मामा खरोखर उत्सुक आहे, वडील हिशेब करत आहेत, मुलगा अवघडला आहे. दिग्दर्शकाला काय म्हणायचं आहे त्यावर निवड ठरेल. मला या प्रसंगात पहिली निवड जास्त खरी वाटते, कारण स्टुलावरून पाहताना ती माणसं सुटी सुटी दिसत नसणार.

तिला घेताना पाहुण्याच्या खांद्यावरून घेतलं, म्हणजे चौकटीच्या एका कडेला त्याचा खांदा आणि कान धूसर दिसत राहिला, तर तो ओव्हर द शोल्डर शॉट. यात ती एकटी राहतच नाही, समोरचा माणूस तिच्या चौकटीत घुसलेला असतो. खांद्याशिवाय स्वच्छ मिड शॉट घेतला तर ती चौकट तिची स्वतःची होते. प्रसंगाचा पहिला भाग खांद्यांवरून आणि पुढचा भाग स्वच्छ घेतला, तर प्रेक्षकाला काहीही न सांगता ती हळूहळू एक स्वतंत्र माणूस म्हणून पुढे येते.

इथेच नवख्याची एक चूक ठरलेली असते. मुलगी आणि पाहुणे यांच्या डोळ्यांना जोडणारी एक काल्पनिक रेषा धरा. सगळे शॉट त्या रेषेच्या एकाच बाजूने घ्यायचे. बाजेकडच्या बाजूने मुलगी उजवीकडे पाहताना आणि पाहुणे डावीकडे पाहताना घेतले, तर जोडल्यावर ते एकमेकांकडे पाहतात. मध्येच पलीकडे जाऊन पाहुण्यांचा एक शॉट घेतला तर तेही उजवीकडे पाहू लागतील आणि दोघेही कुणा तिसऱ्याकडे पाहत आहेत असं वाटेल. चित्रीकरण चालू असताना हे लक्षात येत नाही, घरी येऊन जोडताना येतं, तेव्हा स्टूल आणि खुर्च्या आपापल्या जागी गेलेल्या असतात. उपाय सोपा आहे: जमिनीवर खडूने रेषा आखा आणि कॅमेरा धरणाऱ्याने ती ओलांडायची नाही असं ठरवा.

आता क्लोज-अप. मोबाइलवर काम शिकणारे बहुतेकजण तो फार लवकर आणि फार जवळून घेतात. चेहरा आणि खांद्यांना साधारण चाळीस सेंटिमीटर उंची लागते, म्हणजे पाऊणपटाच्या हिशेबाने 1x कॅमेरा पन्नास-पंचावन्न सेंटिमीटरवर न्यावा लागेल. इतक्या जवळून नाक कानांच्या मानाने कॅमेऱ्याला खूप जवळ पडतं, म्हणून ते फुगतं, कपाळ पुढे येतं, कान मागे पडतात. चेहरा विनोदी दिसू लागतो. शिवाय दीड-दोन फुटांवर मोबाइल आल्यावर नवखी नटी त्याच्याकडे न पाहण्यातच सगळी शक्ती घालवते. फोनला 2x किंवा 3x ची स्वतंत्र लेन्स असेल तर तीच चौकट एक ते दीड मीटरवरून मिळते आणि चेहरा आपण माणसाला एरवी पाहतो तसा दिसतो. तशी लेन्स नसेल तर छातीपासून वरचा मिड क्लोज घेऊन थांबावं. बोटांनी खेचून मोठं केलेलं चित्र फुटतं, आणि छपरीच्या अंधूक उजेडात जास्तच फुटतं.

केव्हा घ्यायचा हा त्याहून मोठा प्रश्न. 'नाव काय?' या पहिल्याच प्रश्नावर क्लोज-अप दिला तर पुढे जायला जागा उरत नाही. सगळे प्रश्न मिड शॉटमध्ये होऊ द्यावेत. मग मामा म्हणतो, "बाई, जराशी उभी राहून दाखव." उंची पाहायची आहे. ती उभी राहते, मिड शॉटमध्ये तिचा चेहरा चौकटीच्या वर निघून जातो आणि तिथे फक्त पदर आणि हात उरतात. कॅमेरा मुद्दाम वर नेऊ नये. मोजमाप चालू असताना चेहरा नसलेलं शरीर दिसत राहावं. ती परत बसते, चेहरा चौकटीत येतो, आणि त्यानंतरचा शॉट क्लोज-अप. या क्षणी ती काही बोलत नाही. क्लोज-अप बोलणाऱ्याला द्यायचा असतो असा समज आहे, पण चेहऱ्यावर जास्त घडतं ते ऐकताना आणि ऐकल्यानंतर.

एक्स्ट्रीम क्लोज-अप या प्रसंगात मी एकच घेईन, बशीवर थरथरणाऱ्या कपाचा नाही, तो सगळेच घेतात. मुलाच्या अंगठ्याचा घेईन, मांडीवरच्या मोबाइलवर सरकणाऱ्या. तिला विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर ऐकू येत असताना पडद्यावर तो अंगठा.

कोनाकडे येऊ. शिकवताना सांगतात की खालून वर पाहणारा कॅमेरा माणसाला मोठं करतो, वरून खाली पाहणारा लहान करतो, डोळ्यांच्या उंचीवरचा बरोबरीचा. यात तथ्य आहे, पण छपरीत मोजपट्टी घेऊन बसलं की ते नियम बरेच सैल होतात.

ठेंगणा स्टूल एक फूट उंच असेल तर मुलीचे डोळे जमिनीपासून साधारण एक मीटरवर येतात. खुर्चीतल्या पाहुण्यांचे सुमारे एकशेवीस सेंटिमीटरवर. आणि उभं राहून मोबाइल छातीपुढे किंवा चेहऱ्यापुढे धरणाऱ्याचा कॅमेरा असतो एकशेचाळीस-पन्नासवर. म्हणजे काही विचार न करता, सहज उभं राहून तिचा शॉट घेतला तर तो पाहुण्यांपेक्षाही वरून घेतलेला हाय अँगल असतो. एका मीटरवरून तर कॅमेरा सत्तावीस अंशांच्या आसपास खाली झुकतो. त्यात तिचा भांग दिसतो, पापण्या दिसतात, डोळे दिसत नाहीत, कारण ती खाली पाहत आहे. घरगुती लग्नाच्या व्हिडिओत नवरीचा चेहरा इतका निर्विकार का वाटतो याचं एक कारण हेच आहे. चित्रण करणारा उभा असतो आणि ती बसलेली.

कॅमेरा एक मीटरवर आणा. उलट्या घमेल्यावर बसून घेता येतो. आता आपण तिच्या बरोबरीने आहोत आणि चेहरा खरा दिसतो. आणखी खाली, सत्तर सेंटिमीटरवर आणा. नियमाप्रमाणे हा लो अँगल, म्हणजे ती बलवान दिसायला हवी. तसं होत नाही. मान झुकलेल्या माणसाचे डोळे फक्त खालूनच दिसतात. पाहुण्यांना जे दिसत नाही ते आपल्याला दिसू लागतं: तिची नजर एका खुर्चीच्या पायावर स्थिर आहे आणि ती रागावलेली आहे. हा कोन तिला मोठं करत नाही, तो आपल्याला तिच्या विश्वासात घेतो. लहान मूल झुकलेल्या आईच्या चेहऱ्याकडे याच उंचीवरून पाहतं, म्हणून प्रसंगात एक लहान भाऊ जमिनीवर बसवला असेल तर हा शॉट त्याच्या नजरेचाही होऊ शकतो.

पाहुण्यांना घेताना कॅमेरा तिच्या डोळ्यांच्या उंचीवर ठेवला तर दोन मीटरवरून फक्त वीस सेंटिमीटरचा फरक पडतो, जेमतेम सहा अंशांचा. कुणालाही हा लो अँगल आहे असं जाणवणार नाही, पण गुडघे जरा पुढे, मोठे दिसतात आणि चेहरे जरासे वर. तेवढं पुरे. काहीजण इथे कॅमेरा जमिनीला टेकवतात. मग नाकपुड्या, हनुवट्या आणि कवेलूखालच्या फाट्या दिसतात, चौघे खलनायक होतात आणि प्रसंग खोटा पडतो. ही माणसं खलनायक नाहीत. त्यांच्याही घरी मुली आहेत आणि तिथेही स्टूल आहे. कोन जितका ठळक तितका प्रेक्षकाला दिग्दर्शकाचा हात दिसतो. तिरका केलेला, क्षितिज कलंडलेला डच अँगल याच कारणासाठी नवख्यांनी टाळलेला बरा. भुताटकीत किंवा झिंगलेल्या माणसाच्या नजरेत तो चालतो, छपरीत त्याला काही काम नाही.

डोक्यावरून सरळ खाली पाहणारा टॉप अँगल मात्र एकदा घ्यायला हरकत नाही. छपराच्या आडव्या लाकडाला मोबाइल घट्ट बांधायचा. वरून चेहरे नाहीसे होतात आणि नकाशा उरतो: चार खुर्च्यांची रांग, मध्ये ट्रे, आणि समोर एक गोल स्टूल. शेतावर ड्रोनने हाच कोन घेतला की बांध्यांची चौकडी दिसते आणि माणसं ठिपके होतात. छपरीतला नकाशा मुलगी आत येण्याआधी, स्टूल रिकामा असताना घेतला तर जास्त बोलका होतो.

चित्रीकरणाचा क्रम पडद्यावरच्या क्रमापेक्षा वेगळा असतो. आधी बाजूच्या भिंतीपासून संपूर्ण प्रसंग सलग वाइडमध्ये घ्यायचा, याला मास्टर म्हणतात. नंतर काही फसलं तरी तो हाताशी असतो. नंतर एका दिशेचे सगळे शॉट, म्हणजे मुलीचे फुल, मिड, क्लोज एकामागून एक, मग कॅमेरा फिरवून पाहुण्यांचे. अंगणाचं दार पाहुण्यांच्या पाठीशी असल्याने त्यांचे चेहरे काळे पडतील. मोबाइलवर चेहऱ्याला बोट लावून उजेड तिथे पक्का करावा आणि दार अर्धं लोटावं, नाहीतर सूर्य डोक्यावर आल्यानंतर ते शॉट घ्यावेत, तेव्हा अंगणातली चमक थेट आत शिरत नाही. मुलीच्या चेहऱ्यावर मात्र त्याच दारातून येणारा उजेड सुरेख पडतो, म्हणून तिचे शॉट सकाळी.

दोन शॉट शेजारी जोडणार असाल तर त्यांच्या आकारात स्पष्ट फरक असू द्या. मिड शॉटनंतर त्याच जागेवरून किंचित मोठा मिड शॉट जोडला तर चित्र झटका खाल्ल्यासारखं उडतं. मिडवरून क्लोजवर गेलं, किंवा कॅमेरा तीसेक अंश बाजूला सरकवला, तर डोळा तो बदल निमूट स्वीकारतो. जोडणी झाली की आवाज पूर्ण बंद करून ती कुणा तिऱ्हाइताला दाखवा, जमलं तर घरातल्या आत्याला किंवा काकूला, जिने हा कार्यक्रम स्वतः सोसला आहे, आणि एवढंच विचारा की इथे कोण कुणाला पाहत होतं. 'पाहुणे मुलीला' असं उत्तर आलं तर तुमचे क्लोज-अप उशिरा आले आहेत किंवा फार वरून घेतले आहेत. 'ती त्यांना' असं उत्तर आलं तर सत्तर सेंटिमीटरवरचा तो शॉट कापू नका.